पापणीवरचा जांभळा रंग

अंगावरच्या सगळ्या कातडीत पापणीची कातडी सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. खाली चरबी जवळपास नाही, पकड सैल आणि आत केसाएवढ्या रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. त्यामुळे शरीरात काही बिघडलं की पापणी लवकर सुजते, लवकर रंग बदलते. याच पातळपणामुळे तिला बाहेरच्या गोष्टींचाही त्रास पटकन होतो. केसांचा डाय, काजळ, अगदी नखांना लावलेलं नेलपेंटसुद्धा, कारण ते बोट दिवसातून दहा वेळा डोळ्याला लागतं. म्हणून पापण्या लाल किंवा काळपट झालेल्या माणसाला बहुतेक वेळा ‘अ‍ॅलर्जी आहे’ असं सांगितलं जातं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

हा लेख जेव्हा ते बरोबर नसतं तेव्हाचा आहे.

तेव्हा कारण डर्मॅटोमायोसायटिस हा आजार असू शकतो. हे नाव ग्रीक तुकड्यांचं आहे: कातडी, स्नायू आणि दाह. जर्मन डॉक्टर उनफेररिख्ट यांनी १८९१ मध्ये ते वापरलं. आजार दुर्मीळ आहे. जिल्ह्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला आख्ख्या कारकिर्दीत एखाददुसराच असा रुग्ण दिसेल. पण ओळख पटायला जे लागतं ते महागडं यंत्र नाही. पापणी, बोटांचे सांधे आणि जमिनीवरून उठण्याची पद्धत या तीन गोष्टी नीट पाहिल्या की संशय यायलाच हवा.

पुस्तकात या पुरळाला ‘हेलिओट्रोप’ म्हणतात, त्या नावाच्या जांभळ्या फुलावरून. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात आणि त्यांत तो रंग खरोखर फुलासारखा दिसतो. आपल्याकडच्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तसा दिसत नाही. तिथे तो पिकलेल्या जांभळाचा डाग धुतल्यावर कापडावर उरतो तसा दिसतो: तपकिरीत मिसळलेला, मळकट, कडेला किंचित जांभळा. खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली तर तो निव्वळ काळपटपणा वाटतो. माणूस खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून बसवावा, डोळे मिटायला सांगावं आणि वरच्या पापणीवर नजर ठेवावी. रंग पापणीच्या घडीपासून भुवईकडे चढत गेलेला असतो, दोन्ही बाजूंना सारखा. पापणी थोडी फुगलेली असते आणि केसांच्या कडेला बारीक लाल रेषा दिसतात. या रेषा म्हणजे ताणलेल्या केशवाहिन्या. वांग असले की गालावर डाग येतात, पण पापणी सुजत नाही. अ‍ॅलर्जीत कातडी खरखरीत होते, पाणी सुटतं, आणि कारण बंद केलं की दोन-तीन आठवड्यांत ओसरते. खाजेवर मात्र विसंबू नये. खाज या आजारातही येते, कधीकधी टाळूला इतकी की रुग्ण आधी कोंड्याचं औषध घेऊन मोकळा झालेला असतो.

पापणीवर संशय आला की लगेच हात पाहावेत. बोटांच्या पेरांवर, नेमकं सांध्याच्या उंचवट्यावर, चपटे जांभळट-तपकिरी फोड येतात. त्यांना गॉट्रॉनचे फोड म्हणतात. ल्युपस नावाच्या आजारात पुरळ सांधे सोडून दोन सांध्यांच्या मधल्या भागावर येतो, इथे तो सांध्यावरच बसतो. चेहऱ्यावरही असाच भेद आहे. ल्युपसमध्ये नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी सहसा सुटते, या आजारात तीही रंगते. मग नखाच्या मुळाशी पाहावं. तिथली पातळ साय चिरलेली, जाड झालेली दिसते. जेलचा एक थेंब टाकून डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, ठेवला तर आतल्या केशवाहिन्या दिसतात. निरोगी माणसात त्या एका ओळीत उभ्या असलेल्या हेअरपिनांसारख्या असतात. इथे काही जागा रिकाम्या पडलेल्या, काही वाहिन्या फुगून झुडपासारख्या फांद्या फुटलेल्या, मध्ये रक्ताचे काळे ठिपके. मला हे दृश्य सगळ्यात बोलकं वाटतं, कारण स्नायूंमध्ये आत जे चाललंय त्याचाच हा उघडा तुकडा आहे.

स्नायू म्हणजे मोळ्यांची मोळी. तंतूंचे जुडगे, प्रत्येक जुडग्याभोवती पातळ आवरण आणि मधून रक्तवाहिन्या. या आजारात रोगप्रतिकार यंत्रणा इंटरफेरॉन नावाची, एरवी विषाणूंविरुद्ध वापरायची हाक सतत देत राहते. त्यात लहान रक्तवाहिन्या इजा होऊन गळून पडतात. मोळीच्या कडेच्या काटक्यांना रक्त सगळ्यात कमी मिळतं आणि त्या हाकेचा परिणामही तिथेच जास्त उमटतो. म्हणून बायोप्सीत मोळीच्या कडेचे तंतू बारीक झालेले आणि मधले बरे दिसतात. नखाच्या मुळाशी गेलेल्या वाहिन्या आणि मांडीतले सुकलेले तंतू ही एकाच बिघाडाची दोन टोकं आहेत. आणि लहान वाहिन्या फक्त कातडीत आणि मांडीत नसतात. फुप्फुसात, हृदयात, अन्ननलिकेतही असतात. कातडीचा डॉक्टर पापणी पाहून छातीचा सीटी का लिहून देतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं कर्करोगाशी जोडलेलं आहे, त्याकडे पुढे येऊ.

आता एक चित्र उभं करू. हा कुणा एकाचा केसपेपर नाही. अशा रुग्णांत पुन्हापुन्हा दिसतं ते एकत्र केलंय.

५४ वर्षांच्या काकू, वजन ५६ किलो. मार्चमध्ये पापण्या काळवंडल्या. डाय बंद केला, काजळ बंद केलं, स्टिरॉइडचं मलम लावलं. रंग थोडा उतरला, मलम थांबवलं की परत आला. मे महिन्यात गळ्याखालचा, ब्लाउजबाहेरचा भाग लाल झाला, तो उन्हावर ढकलला गेला. जूनमध्ये ‘हातपाय गळतात’ म्हणून रक्त तपासलं. एसजीओटी १४२, एसजीपीटी ९६. सोनोग्राफीत लिव्हरवर थोडी चरबी. मग तेल-तूप बंद, लिव्हरचं सिरप सुरू, आणि दोन महिने गेले.

हे दोन महिने टाळता येतात, म्हणून इथे जरा थांबतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही द्रव्यं फक्त लिव्हरमध्ये नसतात, स्नायूंतही असतात. स्नायू झिजले की तीही रक्तात गळतात. स्नायूच्या दुखण्यात एसजीओटी बहुधा एसजीपीटीपेक्षा जास्त वाढलेली असते. शंका आली तर दोन साध्या तपासण्या पुरतात: जीजीटी, आणि स्नायू झिजले की रक्तात वाढणारं सीपीके. जीजीटी स्नायूंत जवळजवळ नसतंच. ते नॉर्मल आणि सीपीके वाढलेलं, म्हणजे लिव्हरवर आळ घ्यायचं कारण नाही. काकूंचं जीजीटी होतं २४ आणि सीपीके ३,८००, जिथे दोनशेच्या आत असायला हवं. उलटही लक्षात ठेवावं. काहींना आजार असूनही सीपीके नॉर्मल येतं, आणि काहींच्या स्नायूंना जवळपास काहीच होत नाही, फक्त पुरळ असतो. तसा पुरळ कमी धोक्याचा आहे असं मात्र समजू नये.

सीपीके सांगितलं ते कुणी? कातडीच्या डॉक्टरने. तेही पापणी पाहून एक प्रश्न विचारल्यावर.

“काकू, मांडी घालून बसलात तर उठता कशा?”

“आधी गुडघ्यांवर येते, मग कॉटला धरते.”

“आणि केस विंचरताना?”

“हात वर राहत नाही हो. मधेच खाली घेते, मग परत.”

थकवा आणि स्नायूंचा अशक्तपणा यांतला फरक या दोन उत्तरांत आहे. ‘खूप थकायला होतं’ हे रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं, झोप नसली तरी होतं. म्हणून ‘काय जमत नाही?’ असं विचारायचं. या आजारात खांद्याचे, नितंबांचे आणि मानेचे स्नायू आधी जातात. एसटीची उंच पायरी चढवत नाही, वरच्या फडताळातला डबा काढता येत नाही, भारतीय पद्धतीच्या संडासात बसलं की भिंतीला धरून उठावं लागतं, उशीवरून डोकं उचलताना हाताने मान धरावी लागते. पण सुईत दोरा ओवता येतो, सही पूर्वीसारखीच येते, कारण बोटांचं बळ बराच काळ टिकतं. दुखणं असलंच तर थोडं. डॉक्टर हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायला सांगतो. उताणं झोपवून, कपाळावर हलकं बोट ठेवून डोकं उचलायला सांगतो. काकूंना डोकं उचलता आलं, पण बोटाच्या दाबाने ते परत उशीवर पडलं.

पुरळ ठसठशीत असला तर स्नायूची बायोप्सी प्रत्येकाला करावीच लागते असं नाही. मांडीचा एमआरआय बऱ्याचदा पुरतो. त्यात सुजलेला स्नायू पांढरा चमकतो, आणि बायोप्सी करायचीच झाली तर नेमकी कुठे करायची हेही कळतं. मग रक्तातल्या विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी. इथे एक चूक वारंवार होते: अशा आजारांसाठीची एएनए ही ढोबळ रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून ‘असा आजार नाही’ असं म्हणून टाकणं. या आजारात एएनए निगेटिव्ह असू शकतं. मायोसायटिसच्या, म्हणजे स्नायूदाहाच्या, प्रतिपिंडांची वेगळी तपासणी-पट्टी मागवावी लागते. आणि त्या पट्टीवरची फिकट रेघ रुग्णाशी जुळत नसेल तर तिच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नये.

ही पट्टी महत्त्वाची, कारण आत कुठे शोधायचं ते ती सांगते. दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे: एमडीए-५ आणि टीआयएफ-१ गॅमा.

एमडीए-५ असलेला रुग्ण फसवतो. स्नायू बरे असतात, कधी सीपीकेही नॉर्मल. कातडीवर मात्र खुणा असतात. तळहातावर, बोटांच्या आतल्या घड्यांवर दुखरे फोड, सांध्यांवर किंवा कोपरावर खोल, कडा कापल्यासारख्या जखमा, केस गळणं. आणि कोरडा खोकला. हा प्रतिपिंड जपानी संशोधकांनी २००५ मध्ये अशाच, स्नायू शाबूत असलेल्या रुग्णांत शोधला. यात फुप्फुसाची जाळी काही आठवड्यांत घट्ट होऊन श्वास बंद पडू शकतो. तळहातावरचे फोड दिसले की डॉक्टर बोटाला ऑक्सिमीटर लावतो तो यासाठी. बसलेल्या माणसाचा आकडा ९७ आला म्हणून समाधान मानायचं नाही. सहा मिनिटं चालवून पुन्हा पाहायचं. चार किंवा जास्त अंकांनी उतरला तर फुप्फुस बोलतंय. छातीचा साधा एक्स-रे या टप्प्यावर साफ असू शकतो. पातळ कापांचा एचआरसीटी आणि वायूची अदलाबदल मोजणारी डीएलसीओ चाचणी, या दोन्ही मिळून चित्र पुरं होतं. अशा रुग्णाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणं धोक्याचं आहे.

काकूंच्या पट्टीवर टीआयएफ-१ गॅमाची रेघ आली, ठळक.

कर्करोगाचा आणि या आजाराचा संबंध शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लक्षात आला. १९१६ मध्ये जठराच्या कर्करोगासह असा रुग्ण नोंदवला गेला. पक्का आकडा मात्र स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदवह्या एकत्र केल्यावर २००१ मध्ये मिळाला. ६१८ रुग्णांपैकी १९८ जणांना कर्करोग होता किंवा पुढे झाला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत धोका तिप्पट. तो सगळ्यात जास्त निदानाच्या आगेमागे वर्षभरात असतो, मग उतरत जातो, पण दोन-तीन वर्षं तरी सामान्य पातळीला येत नाही. लहान मुलांत हा संबंध जवळपास दिसत नाही. म्हणून आठ वर्षांच्या मुलीच्या पापण्या जांभळ्या झाल्या तर तिच्या आई-वडिलांना कर्करोगाची भीती घालू नये. तिच्यात कातडीखाली साचणारे चुन्याचे खडे आणि सांध्यांचं आखडणं हे प्रश्न पुढे येतात.

कर्करोग आणि पापणीचा रंग यांचा धागा असा लागतो. टीआयएफ-१ गॅमा हे आपल्या पेशींतलंच एक प्रथिन. अशा रुग्णांच्या गाठींमध्ये या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडले आहेत. बिघडलेलं प्रथिन परकं वाटून शरीर त्यावर हल्ला करतं. गाठीपुरता तो हल्ला हिताचा असतो. पण कातडीत आणि नव्याने दुरुस्त होणाऱ्या स्नायूंत तेच प्रथिन भरपूर असतं, आणि मार तिथेही बसतो. म्हणजे पापणीवरचा रंग हा काही रुग्णांत आतल्या लढाईचा धूर असतो. गाठ इतकी लहान असू शकते की तिची स्वतःची एकही तक्रार नसते.

प्रत्येकाला सगळं तपासायचं का? नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात रुग्ण धोक्यानुसार वेगळे केले आहेत. वय ४० च्या वर, टीआयएफ-१ गॅमा किंवा एनएक्सपी-२ प्रतिपिंड, गिळायला त्रास, कातडी मरून पडलेल्या जखमा, औषधं देऊनही न वाकणारा आजार, या गोष्टी पारडं जड करतात. काकूंच्या बाबतीत वय आणि प्रतिपिंड दोन्ही होते. त्यामुळे साध्या रक्त-लघवीच्या तपासण्यांवर थांबायचं नव्हतं. मान, छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी, मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, अंडाशयाच्या कर्करोगात रक्तात वाढणारं सीए-१२५ आणि योनिमार्गातून सोनोग्राफी. सीए-१२५ आलं ३१०, म्हणजे पस्तिसाच्या मर्यादेच्या कितीतरी वर. उजव्या अंडाशयात पाच सेंटिमीटरची गाठ. पोट फुगणं नाही, रक्तस्राव नाही. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्या बाजूची एकही तक्रार त्यांनी कधी केली नव्हती.

ही शोधाशोध चालू असताना रोजच्या जगण्यातला एक धोका मात्र त्याच दिवशी विचारून घ्यायचा असतो: गिळणं. घशाचे स्नायूही स्नायूच. जेवताना ठसका लागणं, आवाज नाकातून येणं, पाणी नाकातून बाहेर येणं ही लक्षणं रुग्ण आपण होऊन सांगत नाही, त्याला ती क्षुल्लक वाटतात. पाणी पातळ असल्याने श्वासनलिकेत पटकन घुसतं. घट्ट वरण, पेज, मऊ भात तुलनेने सोपं जातं. सरळ बसून, हनुवटी थोडी खाली घेऊन, लहान घास घ्यायचा, आणि जेवल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. तरीही ठसका लागत असेल तर काही दिवस नाकातून नळी घालणं हा कमीपणा नाही. त्याने न्यूमोनिया टळतो. गिळण्याच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायला उशीर करू नये.

हृदयाबाबत एक बारकावा, कारण त्यावरून उगाच धावपळ होते. स्नायूंचा दाह असलेल्या माणसाच्या रक्तात ट्रोपोनिन-टी हे हृदयाच्या इजेची खूण मानलं जाणारं प्रथिन वाढलेलं दिसलं की हार्ट अटॅकचा संशय येतो. पण दुरुस्त होणारा साधा स्नायूही ट्रोपोनिन-टी सोडतो. अशा वेळी ट्रोपोनिन-आय मागवावं, ते हृदयाशी जास्त निष्ठावान आहे. तेही वाढलेलं असेल तर ईसीजी, इको, आणि गरज पडली तर हृदयाचा एमआरआय.

काकूंना शस्त्रक्रियेची वाट न पाहता प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं, किलोला एक मिलिग्रॅमच्या हिशेबाने, दिवसाला साधारण ५० ते ६०. त्याआधी साखर, रक्तदाब, हिपॅटायटिस आणि टीबीच्या तपासण्या. आपल्याकडे दबा धरून बसलेला टीबी बऱ्याच छात्यांत असतो आणि स्टिरॉइड त्याला जागं करू शकतं. मग शस्त्रक्रिया, त्यानंतर केमो. टीआयएफ-१ गॅमाच्या रुग्णांत गाठ काढल्यावर कातडी आणि बळ दोन्ही सुधारताना अनेकदा दिसतं. सगळ्यांत दिसेलच असं नाही. कर्करोग नसलेल्या रुग्णांत स्टिरॉइडसोबत रोगप्रतिकार यंत्रणेला आवरणारं मेथोट्रेक्सेट देतात, आणि इथे आपल्या घरांत घडणारी एक भयंकर चूक सांगायलाच हवी. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, उदाहरणार्थ १५ मिलिग्रॅम दर रविवारी. रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, जीव जाऊ शकतो. घरात गोळ्या काढून देणाऱ्या माणसाने चिठ्ठीवर वार मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा. आजार औषधांना जुमानत नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे निरोगी दात्यांच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड, शिरेतून देतात, किलोला दोन ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत वाटून, दर चार आठवड्यांनी. २०२२ च्या चाचणीत सोळा आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन घेणाऱ्यांपैकी ७९ टक्क्यांना बरं वाटलं, खोटं औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना. औषध महाग आहे, आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून कर्करोगाच्या रुग्णात ते जपून देतात.

तीन महिन्यांनी काकूंचं सीपीके २१० वर आलं. पण मांड्या अजून अशक्त होत्या. याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, दाह थांबलाय पण गेलेला स्नायू भरून यायला महिने लागतात. दोन, स्टिरॉइडच स्नायू खातंय. दुसऱ्यात सीपीके वाढत नाही, मान बहुधा चांगली असते आणि चेहरा गोल झालेला असतो. अशा वेळी डोस वाढवला तर आणखी वाईट होतं, कमी करायला हवा. फिजिओथेरपी पहिल्यापासून हवी. ‘पूर्ण विश्रांती’ हा जुना सल्ला आता मागे पडलाय.

कातडी स्नायूंच्या मागून येते. सीपीके नॉर्मल झालं तरी पापणीवरचा रंग सहा-आठ महिने रेंगाळू शकतो. ऊन त्याला हमखास भडकवतं. म्हणून सकाळी आणि दुपारी सनस्क्रीन, पापणीला जस्त किंवा टायटॅनियम असलेलं, म्हणजे डोळा झोंबत नाही. टोपी, पूर्ण बाह्या. हा रंग रोज आरशात बघून घाबरायचा नाही, पण त्याचा हिशेब मात्र ठेवायचा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, डोळे मिटून एक फोटो.

काकूंच्या फाइलमध्ये तीन वर्षांच्या तपासण्यांची यादी लावलेली आहे. दर वर्षी तपासणी, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, आणि त्यांच्या बाबतीत दर काही महिन्यांनी सीए-१२५. यादीच्या खाली हाताने लिहिलेली एक ओळ आहे: पापण्या पुन्हा गडद झाल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं, सीपीके नॉर्मल असलं तरी.